१४,२०० की २५,२५२?

"दादा, एक पॉलिसी १४,२०० ला मिळतेय आणि दुसरी २५,२५२ ला. दोन्ही पाच लाखांच्या. कोणती घेऊ?"

आरोग्य विम्याबद्दलची विचारणा बहुधा अशाच दोन ओळींत येते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: दोन्हीकडे पाच लाख, मग अकरा हजार जास्त कशाला भरायचे? आणि पलीकडून कुणीतरी लगेच सांगतं, "आमची तर १२ हजारांतच आहे, सहा माणसांची." आता तीन आकडे झाले, पण माहिती काडीचीही वाढली नाही. कारण हे प्रीमियम कोणाचे, कोणत्या वयाचे, कशासाठी भरलेले आणि कशाला लागू नसलेले, यातलं काहीच कोणी सांगितलेलं नाही.

अशा वेळी मी आधी प्रीमियमच्या पावतीवरची तारीख विचारतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला. त्याआधी १८ टक्के लागायचा. वरच्या उदाहरणातला २५,२५२ हा आकडा कुणा परिचिताच्या जुन्या पावतीवरचा निघाला, तर त्यातला मूळ प्रीमियम २१,४०० आणि कर ३,८५२. दुसरीकडे १४,२०० हा आजचा, करमुक्त दर. म्हणजे अकरा हजारांचा दिसणारा फरक, दर तोच राहिला असं धरलं, तर ७,२०० वर आला. पॉलिसीचा कागदही अजून उघडलेला नाही. काही जण दोन किंवा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरून सवलत घेतात आणि तोच आकडा सांगून मोकळे होतात, तेही इथेच विचारून घ्यावं.

मग येतात माणसं. कौटुंबिक पॉलिसीत, म्हणजे ज्याला सगळे फ्लोटर म्हणतात तिच्यात, पाच लाखांची रक्कम घरातल्या सगळ्यांत मिळून एकच असते. बहुतेक फ्लोटरचा दर घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. नवरा ४१, बायको ३८, मुलगी ९ वर्षांची असेल तर ४१ हे वय धरलं जातं. याच पॉलिसीत ६६ वर्षांच्या आईंना घातलं की अख्ख्या घराचा दर ६६ च्या रांगेत जाऊन बसतो, आणि आईंच्या एका शस्त्रक्रियेत सगळ्यांची मिळून असलेली रक्कम संपू शकते ती वेगळीच. अशा घरांनी आईंची पॉलिसी स्वतंत्र करून दोन्हींची बेरीज एकदा मांडून पाहावी. अनेकदा ती एकत्र प्रीमियमपेक्षा कमी भरते, आणि आजारपणासाठी हाताशी असलेली रक्कम मात्र वाढते.

म्हणून "सहा माणसांची १२ हजारांत" या वाक्यावर माझा पहिला प्रश्न असतो: ही पॉलिसी ऑफिसची आहे का? कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या समूह विम्यात प्रीमियमचा मोठा भाग मालक भरतो. पगारातून कापलेले १२ हजार हा बहुधा फक्त आईवडिलांना जोडण्याचा वाढीव भाग असतो. त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असू शकतात, जे बाजारातल्या साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. मात्र नोकरी सुटली की हे छत्रही जातं. असा आकडा स्वतःच्या खिशातून घ्यायच्या पॉलिसीशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

शहरानेही दर बदलतो. बऱ्याच कंपन्यांनी देशाचे विभाग पाडलेले आहेत आणि मुंबईसारखी महानगरं सर्वांत महाग विभागात येतात. साताऱ्याच्या पत्त्यावर घेतलेली पॉलिसी मुंबईच्या पत्त्यापेक्षा स्वस्त असू शकते. मात्र काही पॉलिसींत खालच्या विभागाचा दर भरून वरच्या विभागातल्या रुग्णालयात उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाला भरावा लागतो. सातारा-सांगलीकडचे लोक मोठ्या आजाराला पुण्या-मुंबईला येतातच, त्यामुळे त्यांनी हे कलम शोधून वाचावं. आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो अर्जात नोंदवल्यावर कंपनी वाढीव आकारणी करू शकते. संकेतस्थळावर "कोणताही आजार नाही" असं टिचकी मारून निघालेला दर आणि प्रत्यक्ष हातात पडलेली पॉलिसी यांत त्यामुळे अंतर पडतं.

हे सगळं सारखं निघालं असं समजू. तेच कुटुंब, तेच शहर, तीच तारीख. तरीही १४,२०० आणि २१,४०० राहिलेच. आता हा सात हजारांचा फरक कुठून आला, ते बघायला एक बिल उघडून बसावं लागतं.

पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया घेऊ. मोठं शहर, चांगलं खाजगी रुग्णालय, चार दिवस मुक्काम. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. खोलीचं भाडं दिवसाला ८,०००, म्हणजे ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,२०,०००. औषधं, तपासण्या आणि वापरून टाकायच्या वस्तू ४८,०००, ज्यांतल्या हातमोजे, नोंदणी फी अशा ८,००० रुपयांच्या गोष्टी विम्यात बसत नाहीत. एकूण बिल २ लाख. पॉलिसी पाच लाखांची, म्हणजे घरच्यांना वाटणार की चिंता मिटली.

महागडी पॉलिसी अशी आहे की तिच्यात खोलीभाड्याला मर्यादा नाही आणि रुग्णाचा हिस्साही नाही. ती न बसणारे ८,००० वगळून १,९२,००० देते.

स्वस्त पॉलिसीत दोन ओळी जास्त आहेत. पहिली: खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० पर्यंत. दुसरी: प्रत्येक दाव्यात १० टक्के हिस्सा विमाधारकाचा, ज्याला को-पे म्हणतात. पहिली ओळ वाचून बहुतेकांना वाटतं की दिवसाचे तीन हजार वर जातील, चार दिवसांचे १२,००० आपण भरू. खरी मेख पुढे आहे. रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनपासून नर्सिंगपर्यंत सगळ्यांचे दर बदलतात. तेच ऑपरेशन, तेच थिएटर, पण खोली वरच्या वर्गाची म्हणून बिल मोठं. म्हणून कंपनी म्हणते, तुमच्या पात्रतेची खोली ५,००० ची होती, तुम्ही ८,००० ची घेतलीत, तर खोलीशी जोडलेले खर्चही आम्ही त्याच प्रमाणात, आठास पाच, देऊ.

झालं असं की खोलीचे ३२,००० चे २०,००० झाले आणि सर्जन वगैरेंचे १,२०,००० चे ७५,०००. औषधं, तपासण्या, बसवलेली उपकरणं यांना ही कात्री लावता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्येच हे स्पष्ट केलं. त्यामुळे तिथले ४०,००० पूर्ण धरले. बेरीज १,३५,०००. त्यातून १० टक्के को-पे वजा, हातात १,२१,५००. दोन लाखांच्या बिलात घरच्यांनी ७८,५०० भरले. दुसऱ्या पॉलिसीवर त्यांनी फक्त ८,००० भरले असते.

फरक ७०,५०० रुपयांचा. वर्षाला वाचवलेले ७,२०० जवळपास दहा वर्षं साठवले, तेव्हा एवढी रक्कम होते. एका साध्या, चार दिवसांच्या शस्त्रक्रियेने ती एका झटक्यात गिळली. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभ्या असलेल्या नातेवाइकाला हे पहिल्यांदा कळतं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. कलम कागदावर आहे, कंपनीने लपवलेलं नाही, पण विकताना तोंडून फक्त प्रीमियम आणि पाच लाख हे दोनच शब्द निघालेले असतात. ज्या रुग्णालयांत खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणातली कपात लागू होत नाही. अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ती लावता येत नाही. दाव्याचं पत्र हातात आल्यावर कपात नेमकी कोणत्या ओळींना लावली आहे, ते एकेक करून तपासायला हवं.

आता हेच दोन प्रीमियम एखाद्या तालुक्याच्या गावी नेऊ. तिथे स्वतंत्र खोली दिवसाला ३,००० ची, चार दिवसांचे १२,०००. सर्जन आणि बाकी मिळून ६०,०००. औषधं-तपासण्या ३६,०००, त्यांतले ६,००० न बसणारे. इथे ५,००० ची मर्यादा आड येतच नाही. स्वस्त पॉलिसी १,०२,००० मधून १० टक्के कापून ९१,८०० देते, महागडी १,०२,००० देते. फरक फक्त १०,२०० चा, म्हणजे दीड वर्षाच्याही आत भरून निघणारा. उपचार गावातच घ्यायचे हे ज्यांचं पक्कं आहे, त्यांना १४,२०० ची पॉलिसी शहाणपणाची ठरू शकते. स्वस्त ती वाईट आणि महाग ती चांगली, असंही म्हणूनच मानू नये. त्याच दोन आकड्यांचं उत्तर एका घरासाठी एक आणि दुसऱ्या घरासाठी दुसरं येतं, आणि नुसत्या प्रीमियमवर "ही घ्या" म्हणून सांगणाऱ्याला आपलं घर कोणतं, हे ठाऊकच नसतं.

कधी प्रीमियम इतका कमी असतो की डोळे विस्फारतात. "वीस लाखांचं कव्हर, चार हजारांत." अशी पॉलिसी खोटी नसते. बहुतेक वेळा ती सुपर टॉप-अप असते. तिच्यात एक वजावट ठरलेली असते, समजा पाच लाख. वर्षभरातल्या रुग्णालयाच्या खर्चाची बेरीज पाच लाखांच्या पुढे गेली की पुढचा खर्च ही पॉलिसी देते. वरच्या दोन लाखांच्या बिलात तिचा एक रुपयाही मिळणार नाही. हाताशी पाच लाखांची मूळ पॉलिसी असेल तर ही जोड फार उपयोगी आहे, मी स्वतः ती अनेकांना सुचवतो. पण मूळ पॉलिसी न घेता, चार हजार हा आकडा पाहून हीच एकटी घेतली, तर पाच लाखांपर्यंतचं सगळं आजारपण उघडं पडलं. साधी टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतही फरक आहे. साधीत प्रत्येक दाखल होण्याला वजावट वेगळी मोजतात, सुपरमध्ये वर्षाची बेरीज धरतात. तीन-तीन लाखांची दोन आजारपणं एका वर्षात झाली, तर साधी टॉप-अप काहीच देणार नाही आणि सुपर टॉप-अप एक लाख देईल.

तिसरी गोष्ट वेळेची. पित्ताशयाचे खडे, हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणं अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे वरचं बिल पॉलिसी घेतल्यानंतर आठव्या महिन्यात आलं असतं, तर दोन्ही पॉलिसींनी शून्य दिलं असतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षेची कमाल मुदत पूर्वी चार वर्षं होती, २०२४ च्या नियमांनी ती तीन वर्षांवर आणली. ही कमाल आहे. कंपनी ती एक किंवा दोन वर्षांचीही ठेवू शकते, आणि अशा पॉलिसीचा प्रीमियम त्यामुळे चढा दिसतो. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्या चढ्या आकड्यात नेमकी कामाची गोष्ट विकत मिळत असते. निरोगी तिशीतल्या जोडप्याला तिचा उपयोग कमी.

यात एक आणखी बाब दडलेली आहे. परिचिताने सांगितलेला प्रीमियम आठ वर्षं चालू असलेल्या पॉलिसीचा असेल, तर त्याची प्रतीक्षा कधीच संपलेली आहे. नवीन घेणाऱ्याची आजपासून सुरू होते. आकडा सारखा असला तरी त्याच्या हातात आज जे आहे, ते नव्या माणसाच्या हातात तीन वर्षांनी येईल. आपली जुनी पॉलिसी सोडून स्वस्त दिसणारी नवीन घेणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा. बदलायचीच असेल तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा, म्हणजे आधी काढलेली प्रतीक्षा सोबत नेता येते. नवी पॉलिसी म्हणून घेतली तर ती वाया जाते.

वगळलेल्या गोष्टींची यादी पाहून लोक घाबरतात आणि पान उलटतात. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग सगळीकडे एकसारखाच आहे. नियामकाने वगळण्याची ठरावीक कलमं प्रमाणित शब्दांत बांधून दिली, त्यांना एक ते अठरा असे सांकेतिक क्रमांक आहेत, आणि ती कोणत्याही कंपनीच्या कागदावर त्याच क्रमांकांनी सापडतात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होणं, बाळंतपण वगैरे त्यात येतं. तुलना करताना हा भाग भराभर नजरेखालून घालावा. आपला वेळ द्यावा तो या कलमांच्या आत भरलेल्या महिन्यांच्या आकड्यांना, आणि अठरा क्रमांक संपल्यावर कंपनीने स्वतःच्या म्हणून जोडलेल्या ओळींना.

मग ही सगळी माहिती मिळवायची कुठून? साठ पानांचं पॉलिसीचं पुस्तक वाचायची गरज नाही. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा नमुना सोपा आणि सगळ्यांसाठी सारखा झाला आहे. विमा रक्कम, काय मिळतं, काय वगळलं आहे, प्रतीक्षा किती, उपमर्यादा कोणत्या, को-पे आणि वजावट किती, हे त्यात थोडक्यात असतं आणि शेजारी पॉलिसीतल्या मूळ कलमाचा क्रमांक दिलेला असतो. मागणी केली तर ते स्थानिक भाषेत देणं कंपनीवर बंधनकारक आहे, म्हणून मराठीतून मागायला संकोच करू नये. ज्याने प्रीमियमचा आकडा पाठवला, त्याच्याकडे याच पत्रकाचा फोटो मागावा. त्याला प्रश्नांची सरबत्ती करण्यापेक्षा हे सोपं पडतं, आणि त्यालाही कदाचित आपली पॉलिसी पहिल्यांदाच समजते.

फोटोत एक गोष्ट हमखास दिसली पाहिजे, ती म्हणजे यूआयएन. हा त्या विमा योजनेचा अधिकृत ओळख क्रमांक असतो. कंपन्या एकाच नावाखाली सिल्व्हर, गोल्ड असे प्रकार विकतात, जुन्या योजनेची सुधारित आवृत्ती त्याच नावाने आणतात. नाव तेच म्हणून पॉलिसी तीच असं धरलं, तर पुन्हा चूक. यूआयएन आणि प्रकार जुळले की मगच आपण एकाच वस्तूबद्दल बोलतोय अशी खात्री होते. मग स्वतःचं वय, घरची माणसं, पत्त्याचा पिनकोड आणि असलेले आजार प्रामाणिकपणे भरून नवा दर काढावा. परिचिताचा आकडा तिथे बाजूला पडतो, आणि पडायलाच हवा. एवढं करूनही पॉलिसी घरी आल्यावर मनासारखी नसल्याचं दिसलं, तर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.

नुसत्या प्रीमियमवर तुलना करणं जिथे खरोखर योग्य आहे, अशी एक जागा मात्र आहे. १ एप्रिल २०२० पासून नियामकाने सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' ही एक प्रमाणित पॉलिसी विकायला लावली. तिच्या अटी सगळीकडे एकच आहेत. खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. अतिदक्षता विभाग पाच टक्के, कमाल १०,०००. प्रत्येक दाव्यात पाच टक्के को-पे. मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, यांतली कमी असेल ती रक्कम. दर ठरवायला मात्र कंपन्या मोकळ्या आहेत, म्हणून एकाच वयाच्या, एकाच कुटुंबाच्या, एकाच रकमेच्या संजीवनीचे प्रीमियम कंपनीगणिक वेगवेगळे निघतात. तिथे वय, माणसं आणि रक्कम सारखी भरून पाचसहा कंपन्यांचे दर शेजारी मांडावेत, आपल्या भागातली कोणती रुग्णालयं त्यांच्या कॅशलेस यादीत आहेत ते पाहावं आणि कमी दराची बेधडक घ्यावी.